एकसारख्या तीन सह्या

नूतनला राग आला की तिचं तोंड पुढे धावतं आणि डोकं मागून येतं, हे तिच्या माहेरी हमरापुरात आणि सासरी रोह्यात सगळ्यांना ठाऊक होतं. रोह्याच्या बाजारपेठेत तिचं औषधांचं दुकान होतं. फार्मसी शिकलेली बाई, भिंतीवर स्वतःच्या नावाचा परवाना, त्यामुळे गिऱ्हाइकं तिची बोलणी निमूट ऐकून घेत. कुणी डॉक्टरच्या चिठ्ठीचा फोटो पाठवला की ती तीन गोष्टी बघायची. डॉक्टरचा नोंदणी क्रमांक, तारीख आणि सही. यातलं एक जरी फोटोत कापलं गेलं असेल, तर समोरचा मामलेदार असो नाहीतर मावसभाऊ, ती त्याला परत पाठवायची. तिन्ही दिसलं की ती औषध काढून ठेवी, पण हातात द्यायची ते मूळ कागद बघून आणि त्यावर दुकानाचा शिक्का मारूनच.

हा नियम तिने एकाच माणसासाठी वाकवला, आणि तो माणूस माहेरचा.

पोपट हमरापूरचाच. गणपतीच्या मूर्ती टेम्पोतून मुंबईला पोचवायचा त्याचा धंदा होता. तिच्या वडिलांच्या कारखान्यातल्या मूर्तीसुद्धा तोच नेई. हमरापूरशेजारच्या जोह्यातल्या गिरजाबाईला कॅन्सर झालाय, वेदनांनी रात्रभर ओरडते, म्हणून त्याने तिला पेणच्या डॉक्टर ठोसरांच्या चिठ्ठीचा फोटो पाठवला. औषध होतं ट्रॅमाडॉल. भारी वेदनाशामक, पण नशेसाठीही खाल्लं जाणारं, म्हणून सरकारने बांधून ठेवलेलं. फोटोत तारीख दिसत नव्हती, कागद वरून कापला गेला होता. नूतनने त्याला फोनवरच झापलं.

"पोपटदादा, नंबर, तारीख, सही, तिन्ही दिसायला पायजे. पुन्हा काढ फोटो. असा अर्धवट मला चालायचा नाय."

पोपटने पुन्हा फोटो पाठवला. कागद सरळ, उजेड चांगला, तिन्ही खुणा स्वच्छ. मूळ कागद म्हातारीच्या उशाशी राहिलाय, पुढच्या खेपेला आणतो, म्हणाला. नूतनने वैद्यकीय परिषदेच्या यादीत नंबर तपासला. तो ठोसरांचाच निघाला. तिने कॅप्सूल दिल्या. पुढच्या खेपेला कागद आला नाही, दुसरा फोटो आला, दुसऱ्या आजाऱ्याच्या नावाचा. तेव्हाही तिने दिल्या. चोराच्या हाती किल्ली देऊन वर कुलूप कसं उघडायचं तेही आपणच शिकवलं, हे तिला तेव्हा कळलं नाही.

तिसरा फोटो आला तेव्हा मात्र तिचा हात थांबला. नाव तिसऱ्याच माणसाचं, आणि कॅप्सूल इतक्या की त्यात सगळा वॉर्ड झोपला असता. तिने ठोसरांचा नंबर चिठ्ठीवरचा न घेता आपल्या फोनमधला लावला आणि तिन्ही फोटो त्यांना पाठवले.

डॉक्टरांनी तिन्ही फोटो उघडून बघितले. मग हलक्या आवाजात म्हणाले, "नूतन, गिरजाबाई चैत्रातच गेली. मी तिच्या मातीला गेलो होतो."

"मग सही?"

"सही माझी आहे. म्हणजे माझ्यासारखी आहे. मलाच कुणी दाखवली असती तर मी हो म्हटलं असतं. नंबरही माझा. पण यातली एकही चिठ्ठी मी लिहिलेली नाही. आणि चिठ्ठीवर छापलाय तो फोन नंबरही माझा नाही."

फोन ठेवल्यावर नूतन तिन्ही फोटो अंगठ्याने पुढे-मागे सरकवत राहिली. नावं बदलत होती, तारखा बदलत होत्या. तारखा घाईने बॉलपेनने खरडलेल्या. सही मात्र जागची हलत नव्हती. तिन्ही चिठ्ठ्यांवर तिची शेपटी छापील नोंदणी क्रमांकाच्या शेवटच्या आकड्याखाली येऊन थांबत होती. गाठ त्याच जागी, टिंब त्याच जागी. नूतन स्वतः दिवसभर बिलांवर सह्या करी. एकीसारखी दुसरी कधी आली नव्हती, कधी लांब, कधी बसकी, कधी नुसतीच ओढलेली रेघ. जिवंत माणसाचा हात असाच चालतो.

तिने फोटो मोठा केला. सही सुरुवातीला जाड होती आणि शेवटाकडे केसासारखी बारीक होत गेली होती. बॉलपेनची रेघ अशी निमुळती होत नाही. ही रेघ कुंचल्याची होती. लहानपणापासून ती रेघ नूतनने हजारदा पाहिली होती, गणपतीच्या भुवईत. कारखान्यात डोळे आखणारा माणूस सगळ्यात मोठा कारागीर, आणि त्याची शान एकाच गोष्टीत की पहिल्या मूर्तीची नजर तीच शेवटच्या मूर्तीची. डॉक्टरच्या सहीची नक्कल करणाऱ्याने तीच शान इथे लावली होती. एकदा बसवली ती बसवली, मग प्रत्येक कागदावर तंतोतंत.

हमरापुरात अशी भुवई ओढणारा हात एकच होता. तिच्या धाकट्या भावाचा, रितेशचा.

 ती स्टुलावर बसली आणि तेवढ्यात पोपट दुकानात आला.

आता शहाणपण यात होतं की माल आला नाही म्हणून सांगावं, त्याला वाटेला लावावं आणि पोलिसांत जावं. पण नूतनचं डोकं मागून येणारं.

"कॅप्सूल मिळणार नाय," ती म्हणाली. "डॉक्टरची सही तीनदा अशी छापल्यासारखी येत नाय, पोपट. माझ्या भावाकडून करून घेतोस? मेलेल्या म्हातारीच्या नावावर?"

पोपटच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू विझलं. त्याने मागे वळून रस्ता बघितला. मग काउंटरवर झुकून तिचे केस मुठीत धरले आणि तिचं तोंड काचेवर आपटलं. काच तडकली. दुसऱ्यांदा आपटलं तेव्हा फुटली. नूतनच्या ओठातून रक्त आलं, कपाळात काच घुसली. तिने हाताला लागेल ते, कात्री, खोके, शाईचा पॅड, त्याच्या तोंडावर फेकलं. त्याने गिऱ्हाइकाचं स्टूल उचललं आणि कपाटांच्या काचा फोडत गेला. बाटल्या खाली आल्या, दुकानभर खोकल्याच्या औषधाचा गोड वास पसरला. रस्त्यावर माणसं जमली. बघायला सगळे होते, धरायला कुणी नव्हतं.

जाताना त्याने तिचा फोन उचलला, फरशीवर टाकला आणि बुटाच्या टाचेने चुरा होईपर्यंत तुडवला.

"आता दाखव फोटो कुणाला दाखवतेस," तो म्हणाला. "आणि भाऊ गो तुझा, त्याच्या हाताला लय किंमत हाय. तो हातच नसला तर सही कुणाची, हे सिद्ध कोण करील?"

टेम्पो पेणच्या दिशेने गेला तेव्हा नूतनला कळलं की आपण रागाच्या भरात काय बोलून बसलो. भावाचं नाव आपणच त्याच्यापुढे फेकलं होतं. शेजारच्या दुकानदाराला तिने ओरडून सांगितलं, "पोलिसांना फोन करा, हमरापूरला पाठवा, माझ्या बापाच्या, पुंडलिक म्हात्रेच्या कारखान्यात," आणि त्याचीच मोटारसायकल मागून ती निघाली. कपाळाचं रक्त डोळ्यात येत होतं. ओढणीने पुसत, नागोठण्याच्या पुलावर ट्रकवाल्यांच्या शिव्या खात तिने गाडी हाणली. वाटेत पोपटचा टेम्पो कुठे दिसला नाही. तो आपली माणसं घ्यायला कुठेतरी वळला असावा, म्हणून ती आधी पोचली.

कारखान्यात हंगाम भरात होता. पत्र्याखाली मूर्तींच्या रांगा, अजून डोळे नसलेल्या. रितेश मांडी घालून बसला होता, पुढ्यात मूर्ती, हातात कुंचला. बहिणीचं रक्ताळलेलं तोंड बघून तो उठला आणि पुन्हा खाली बसला. त्याला न विचारताच कळलं.

तिने त्याची कॉलर धरली. "किती केल्यास?"

"ताय, आधी तुझं कपाळ..."

"किती सह्या केल्यास, रित्या?"

"मोजल्या नाय गो." त्याच्या डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या, त्या औषधाने होतात तशा. नूतनला ते बघून जास्त धक्का बसला. ज्या औषधाच्या पट्ट्या तिने काउंटरवरून दिल्या, त्यातल्या काही इथेच आल्या होत्या. "बसून बसून कंबर मोडलीती. पोपटने गोळी दिली. दुखणं गेलं, हात पण थरथरायचा बंद झाला. मग गोळी नसली की हात ठरायचा नाय. तो म्हणाला, नुसती सही काढून दे, कागद माझे. तुझ्याच दुकानातनं आणतो हे मला माहीत नव्हतं. आईशप्पथ नव्हतं."

त्यांचे वडील, पुंडलिक, रंगाचे हात पुसत आतून आले.  आणि तेवढ्यात बाहेरच्या दारातून पोपट आला, दोन माणसं घेऊन.

पुढचं सगळं फार पटकन झालं. एकाने म्हाताऱ्याला ढकललं, ते मूर्तींवर पडले आणि आख्खी रांग एकमेकींवर कोसळली. दुसऱ्याने नूतनचे दोन्ही हात पाठीमागे पिरगळले. पोपटने रितेशला मानेला धरून पाटापुढे गुडघ्यांवर बसवलं, त्याचा उजवा हात पाटावर पसरला, वर पाय दिला आणि साचा ठोकायची हातोडी उचलली.

"फोन फोडला मी," तो नूतनला म्हणाला, "पण तू लय हुशार. फोटो कुणाला पाठवलेस?"

 डॉक्टर ठोसर पेणला राहात, घरात फक्त अंथरुणाला खिळलेली बायको. नाव सांगितलं की ही माणसं अर्ध्या तासात त्यांच्या दारात. आणि फोटो पुसले गेले की एकसारख्या सह्यांचा पुरावाच गेला, मग सगळं बालंट त्या म्हाताऱ्या डॉक्टरवर, दुकानाच्या वहीत नाव आणि नंबर त्यांचाच.

"कुणालाच नाय," ती म्हणाली.

हातोडी पडली. रितेशची करंगळी चिरडली. तो ओरडला तेव्हा शेजारच्या कारखान्यांतला सगळा गलका एकदम थांबला.

"कुणाला?"

"ताय, सांग ना," रितेश रडत म्हणाला. "ताय, हात हाय माझा."

"कुणालाच नाय. फोनातच होते. तू फोडलास."

पोपटने तिच्याकडे बघितलं. खोटं त्याला कळलं असणार. या वेळी त्याने विचारलं नाही. हातोडी वर गेली आणि खाली आली, पुन्हा वर गेली. मधल्या बोटांचा आवाज वाळकी काटकी मोडावी तसा झाला. नूतनने मागच्या माणसाच्या पोटात कोपर मारलं, त्याच्या मनगटाला दात रुतवले, तोंडात रक्ताची चव येईस्तोवर सोडलं नाही. सुटली तशी तिने रंगाची कढई उचलून पोपटच्या तोंडावर फेकली. तो आंधळ्यासारखा हातोडी फिरवत राहिला. एक घाव तिच्या खांद्यावर बसला आणि तो हात लुळा पडला.

तोपर्यंत शेजारपाजारचे कारागीर आत घुसले होते. दोन गडी दाराबाहेर पळाले, पोपट सापडला. मग मात्र कुणी कुणाला आवरलं नाही. बांबू, लाथा, लोखंडी सळया, जे हाती आलं ते. रोज त्याच्या टेम्पोत मूर्ती चढवणारीच माणसं होती ती. नूतन खाली बसून भावाचा हात आपल्या ओढणीत गुंडाळत होती, आणि खरं सांगायचं तर पोपटला मारू नका असं तिच्या मनातसुद्धा आलं नाही. पोलिसांची गाडी आली तेव्हा तो श्वास घेत होता, एवढंच.

पेणच्या सरकारी दवाखान्यात संध्याकाळी जबाब घ्यायला फौजदार आले. रितेश खाटेवर, उजवा हात मनगटापासून बांधलेला. हाडांचे डॉक्टर सांगून गेले होते की हात राहील, पण बोटांत पूर्वीसारखी पकड यायची नाही. पुंडलिक खाटेच्या पायाशी. दाराजवळ डॉक्टर ठोसर नूतनने पाठवलेले फोटो होते तो फोन हातात धरून उभे होते, शर्ट घामाने ओला.

फौजदारांच्या कपाळावर आठी होती. "पोपट शुद्धीवर आलाय," ते म्हणाले. "तो म्हणतो, चिठ्ठ्या खऱ्या आहेत, डॉक्टरनेच पैसे घेऊन दिल्या. मूळ कागद त्याने जाळले. राहिले हे फोटो. नंबर बरोबर, तारीख बरोबर, सही डॉक्टरच्या सहीशी जुळते. मी कुणाचं खरं धरू?"

ठोसरांनी आपल्या खऱ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा खाटेवर ठेवला. चाळीस वर्षांची त्यांची पुण्याई त्या फोनच्या काचेवर येऊन ठेपली होती.

पुंडलिकांनी लेकीला बाजूला घेतलं. त्यांचा आवाज चिरकला होता. "नूतन गो, सही डॉक्टरचीच म्हण. पोराचा हात गेलाय. आता जेलात पण जायचं त्यानं? डॉक्टर मोठा माणूस हाय, वकील लावील, सुटल."

"नाय सुटायचे आबा. नंबर त्यांचा हाय."

"मग हा भाऊ तुझा कोण?"

ती उत्तर द्यायला थांबली नाही. थांबली असती तर कदाचित तिला ते जमलंच नसतं. तिने ठोसरांच्या हातातून फोन घेतला, लुळा हात पोटाशी धरून, आणि फौजदारांपुढे धरला.

"साहेब, ह्या सह्यांकडे एकेकटं बघू नका, तिन्ही एका मागून एक बघा. शेपटी बघा कुठे थांबते. छापील नंबरच्या शेवटच्या आकड्याखाली. तिन्हीत तिथेच. टिंब बघा. आता डॉक्टरांच्या खऱ्या चिठ्ठ्या बघा, त्यांनी आणल्यात. दोन सह्या एकसारख्या दाखवा मला. नाय मिळणार. खरी सही रोज थोडी वेगळी येते. खोटी तेवढी एकसारखी येते. आणि ही रेघ पेनाची नाय, कुंचल्याची हाय. तारीख बॉलपेनची, ती दुसऱ्या हाताची."

फौजदारांनी फोटो मोठा केला, लहान केला, खरा कागद शेजारी धरला. बराच वेळ बघितल्यावर त्यांची आठी गेली. "तपासायला पाठवावं लागेल. पण दिसतंय खरं. कुंचला कुणाचा?"

 रितेशने पहिल्यांदाच बहिणीकडे सरळ बघितलं.

"ताय," तो म्हणाला. "नको ना बोलू."

नूतन त्याच्या खाटेजवळ गेली. तिचे डोळे भरून आले होते, ते तिने लपवले नाहीत. "सह्या माझ्या भावानं काढल्यात," ती म्हणाली. "रितेश पुंडलिक म्हात्रे. पोपटने करून घेतल्या. गोळीची सवय लावून."

रितेशचा डावा हात धड होता. त्याने तो पूर्ण ताकदीने उचलून तिच्या तोंडात मारला. शिवलेला ओठ पुन्हा उसवला आणि रक्त हनुवटीवरून खाटेच्या चादरीवर ठिबकलं. शिपाई पुढे झाला. नूतनने धड हाताने त्याला अडवलं.

"त्याला हात लावू नका," ती म्हणाली. मग तोंडातलं रक्त गिळून ती फौजदारांकडे वळली. "साहेब, लिहा. सह्या त्याच्या. आणि कागद न बघता, नुसत्या फोटोवर पहिल्या दोन वेळा कॅप्सूल मी दिल्या. माझं नाव त्याच्या नावाच्या वर लिहा."